स्वरलिपीखालचे शब्द उतरवताना

गाण्याच्या पुस्तकातल्या एका पानाचा फोटो समोर आहे. वरच्या ओळीत सा रे ग म, खालच्या ओळीत गाण्याचे शब्द. आपल्याला स्वर नकोत, फक्त शब्द हवेत. मग वरची ओळ सोडायची आणि खालची लिहून काढायची, इतकंच काम दिसतं. तसं केलं की हाती येतं ते असं:

को कि ळ बो ले ऽ पा ऽ नो ऽ पा ऽ नी ऽ ऽ ऽ

ही नुसती अक्षरं झाली, शब्द अजून तयार व्हायचे आहेत. स्वरलिपी छापणारा प्रत्येक अक्षर त्याच्या स्वराखाली नेऊन बसवतो. हे करताना तो दोन शब्दांमधली मोकळी जागा मोडून टाकतो आणि वर 'ऽ'सारखी काही चिन्हं घालतो, जी कवीने कधी लिहिलीच नव्हती. म्हणजे उतरवणाऱ्याला मोडलेलं जोडायचं असतं आणि घातलेलं काढायचं असतं. चुका होतात त्या काढताना आणि जोडताना. स्वर वगळताना फारशा होत नाहीत.

मराठी-हिंदी पुस्तकांत सर्वांत जास्त भेटते ती विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची पद्धत. त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांनी ती घरोघरच्या पेटीपर्यंत नेली. तिच्यात पान उभ्या रकान्यांत वाचायचं असतं. एक रकाना म्हणजे एक मात्रा. रकान्यात वर स्वर, खाली अक्षर, त्याच्याही खाली तालाची खूण: तालाच्या पहिल्या मात्रेला म्हणजे समेला ×, जिथे टाळी द्यायची नसते त्या 'खाली'ला ०, बाकी टाळ्यांना २, ३ हे आकडे. त्रितालात १६ मात्रा, चार-चारांचे चार विभाग, आणि विभागांमध्ये उभी रेघ. स्वर लांबला तर स्वरांच्या ओळीत आडवी रेघ (-), अक्षर लांबलं तर शब्दांच्या ओळीत अवग्रह (ऽ).

या लेखासाठी एक छोटी बंदिश रचली आहे. काव्य म्हणून तिच्याकडे पाहू नका. अडचणी मुद्दाम पेरल्या आहेत. त्रिताल, मध्यलय, सुरुवात खालीपासून. शब्दांची ओळ पुस्तकात अशी दिसेल:

म ग सा रे | उ ज ळे ऽ | रा ऽ ऽ न | मं द वा रा
हा आ ला ऽ | ऋ तु रा ज | ह स रे ऽ | व द न ऽ

अंतरा:

फु ल ली ई | जा ऽ ई ऽ | गं ऽ ध ऽ | दा ऽ टे ऽ
को कि ळ बो | ले ऽ पा ऽ | नो ऽ पा ऽ | नी ऽ ऽ ऽ

माझं पहिलं सांगणं असं की शब्द लगेच जोडायला घेऊ नका. आधी शब्दांची ओळ जशी आहे तशी, अवग्रहांसकट आणि विभागांच्या रेघांसकट, कागदावर उतरवा. वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण यामुळे तपासायला एक हत्यार मिळतं. त्रितालाच्या पूर्ण आवर्तनात १६ घरं भरायलाच हवीत. पंधरा भरली तर एखादं अक्षर निसटलंय, सतरा भरली तर वरच्या ओळीतलं किंवा शेजारचं काहीतरी खाली उतरलंय. एका मात्रेत दोन अक्षरं असतील तर पुस्तकात त्यांच्याखाली चंद्रकोर असते. ते एकच घर मोजायचं. अवग्रह एकदा पुसले की ही मोजणी पुन्हा करता येत नाही, आणि फोटोत तर अक्षर निसटणं अगदी नेहमीचं. पुस्तक शिवणीपाशी वाकतं, ओळीचा शेवट वर किंवा खाली कलतो, आणि डोळा नकळत शेजारच्या ओळीत जातो. फोटो स्क्रीनवर मोठा करून प्रत्येक आवर्तनाची पट्टी वेगळी कापून घेतली तर हा घोटाळा बराच टळतो.

आता पहिल्याच विभागाकडे बघू. तिथे वर-खाली असं छापलेलं आहे असं समजा:

नि सा ग म
म ग सा रे

यातले स्वर कोणते आणि शब्द कोणते? दोन्ही ओळींतली सगळीच अक्षरं सप्तकातली आहेत. पान वरून कापलं गेलं असेल किंवा फोटो तिरका असेल तर इथे माणूस खरोखर फसतो आणि 'मग सारे' हे शब्द स्वर समजून सोडून देतो. एका विभागावरून निकाल लावायचा नाही, ओळ पुढे चालू द्यायची. पुढच्या विभागात वर 'प ध म प' आहे आणि खाली 'उ ज ळे ऽ'. उ, ज, ळे हे स्वर असूच शकत नाहीत, म्हणून खालची ओळ शब्दांची. शिवाय अवग्रह शब्दांच्या ओळीतच येतो आणि आडवी रेघ स्वरांच्या, ही खूण बहुतेक वेळा पुरते. गाण्यात 'रे', 'सा', 'नि', 'ग' ही अक्षरं सतत येतात, त्यामुळे एखादं सुटं अक्षर पाहून ठरवण्याची सवय लावून घेऊ नये.

याच विभागात आणखी एक गोष्ट दिसते. 'ळे'च्या पुढे अवग्रह आहे, पण त्याच्या वरचा स्वर बदलला आहे: म वरून प. म्हणजे अवग्रहाचा अर्थ 'इथे काही नाही' असा होत नाही. अक्षर तेच, स्वर पुढे सरकला. अक्षरापाशी गाता गाता दोन-तीन स्वर घेतले की खाली एकच अक्षर आणि पुढे अवग्रहांची रांग. वर नवा स्वर दिसतो म्हणून खाली अक्षर हरवलं असावं, अशी शंका घेऊन काही भरायला जाऊ नये.

अवग्रह काढणं मराठीत सोपं आहे. मराठी आणि हिंदी गीतांत ऽ ही जवळजवळ नेहमीच लांबवण्याची खूण असते, तेव्हा ती बिनधास्त वगळावी. 'रा ऽ ऽ न' म्हणजे 'रान'. संस्कृत स्तोत्र मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथे अवग्रह हे लिपीचंच चिन्ह आहे; संधीत लोपलेल्या 'अ'ची ती जागा. 'नमोऽस्तु' हा शब्द स्वरलिपीत 'न मो ऽ स्तु' असा छापला जाईल, आणि हा अवग्रह मात्रेचा की संधीचा हे पानावरून कळणार नाही, कारण दोन्ही दिसायला एकच. तिथे व्याकरणाकडेच जावं लागतं. मागे ओ किंवा ए आहे का, आणि पुढे 'अ' जोडला तर शब्द पूर्ण होतो का, हे पाहायचं: नमो + अस्तु. होत असेल तर अवग्रह ठेवायचा. 'रा ऽ म' मध्ये मागे आ आहे आणि लोपलेलं काही नाही, म्हणून तिथला जातो.

अवग्रहाचा एक भाऊबंद जास्त त्रास देतो. लांबलेलं अक्षर दाखवायला काही पुस्तकं ऽ न घालता त्या अक्षरातला नुसता स्वर पुन्हा लिहितात: 'ली ई', 'गा आ', 'तू ऊ'. अंतऱ्याच्या पहिल्या ओळीत दोन ई आहेत. 'फु ल ली ई' मधला ई हा 'ली'चाच लांबलेला आवाज. तो जातो आणि 'फुलली' उरतं. 'जा ऽ ई' मधल्या ईच्या मागे आकार आहे. आकार लांबवून ईकार होत नाही, म्हणजे हा ई शब्दाचा आहे आणि तो राहतो: 'जाई'. एवढ्यावर एक साधा नियम मिळतो: सुटा स्वर मागच्या अक्षरातल्या स्वराहून वेगळा असेल तर तो खरा शब्दाचा भाग आहे.

तोच असेल तर? दुसऱ्या ओळीची सुरुवात पाहा: 'हा आ ला'. नियम इथे काहीच सांगत नाही. लांबलेला आवाज मानला तर 'हाला' होतं, शब्द मानला तर 'हा आला'. पुढे 'ऋतुराज' आहे, तेव्हा 'हा आला ऋतुराज' हेच बरोबर, हे अर्थावरून उघड आहे. अर्थाने सुटत नसेल तर त्याच पुस्तकाची सवय बघावी. आमच्या या कल्पित पुस्तकात 'ळे', 'रा', 'रे' ही अक्षरं लांबवताना ऽ वापरला आहे आणि 'ली'पाशी ई लिहिला आहे, म्हणजे सवयीचा फार उपयोग नाही. एकाच पुस्तकात दोन्ही पद्धती नांदतात हे प्रत्यक्षातही दिसतं, तेव्हा अर्थालाच वजन द्यावं.

उभ्या रेघांनी शब्द तोडू नयेत. विभागाची रेघ तालाची आहे, भाषेची नाही. पहिल्या ओळीत योगायोगाने शब्द रेघेपाशी संपतात, आणि तिथूनच चुकीची सवय लागते. शेवटच्या ओळीत ती सवय लावली तर 'कोकिळबो लेपा नोपा नी' असं काहीतरी होतं. रेघा पुसून सलग वाचलं की 'कोकिळ बोले पानोपानी' लगेच ऐकू येतं. ओळ ओठांनी पुटपुटून पाहिली तर डोळ्यांपेक्षा कान लवकर जोडतो, असा माझा अनुभव आहे. जोडून की तोडून, हा प्रश्न मात्र कानाने सुटत नाही. 'ऋतुराज' हा समास म्हणून एकत्र लिहायचा हे माहीत असावं लागतं.

फोटोत या रेघेचा आणखी एक खोडसाळपणा आहे. छपाई दाट असली आणि फोटो किंचित हललेला असला की ती काना वाटते, आणि 'न'च्या पुढे आली की 'ना' वाचलं जातं. काना शिरोरेषेला लटकलेला असतो आणि अक्षराच्या उंचीत संपतो. विभागाची रेघ शिरोरेषेला चिकटत नाही आणि अनेक पुस्तकांत ती स्वरांच्या ओळीपासून शब्दांच्या ओळीपर्यंत खाली उतरते. पूर्णविरामाचा दंड म्हणूनही ती वाचली जाते. पण असा दंड दर चार मात्रांनी येऊ लागला की तो वाक्याचा नाही, हे ओळखायला वेळ लागत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न टिंबांचा, आणि इथे घाई करणाऱ्याचं हमखास चुकतं. भातखंडे पद्धतीत मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब असतं. स्वराच्या बरोबर खाली शब्दाचं अक्षर. म्हणजे मंद्र स्वराचं टिंब आणि खालच्या अक्षराचा अनुस्वार एकाच पट्टीत येतात, मध्ये जेमतेम केसभर जागा. दुसऱ्या ओळीच्या शेवटी 'व द न' आहे. समजा 'व'च्या वर मंद्र नि आहे. टिंब दिसतं. मग हा शब्द 'वदन' की 'वंदन'? मराठीत दोन्ही शब्द आहेत, आणि 'हसरे वंदन' हेही काव्यात कुणी म्हणेल. पहिल्या ओळीच्या शेवटी 'मं द' आहे, तिथेही टिंब आहे. तिथे 'मंद वारा'चा अनुस्वार खरा.

फरक करायला तीन गोष्टी बघाव्या लागतात. एक, टिंबाच्या वर कोणता स्वर आहे. 'मं'च्या वर मध्य सप्तकाचा प असेल, आणि आजूबाजूच्या मध्य स्वरांखाली टिंबं नसतील, तर हे टिंब खालच्या अक्षराचंच. दोन, टिंबाची जागा. अनुस्वार बहुतेक ठशांत अक्षराच्या उजव्या अंगाला, उभ्या दांड्याच्या डोक्यावर बसतो. मंद्राचं टिंब स्वराच्या मधोमध खाली असतं, आणि स्वर व अक्षर अगदी एका रेषेत नसतील तर ते टिंब अक्षरावरून सरकलेलं दिसतं. तीन, मंद्र स्वर आहे आणि खालच्या अक्षरालाही अनुस्वार आहे, तर टिंबं दोन दिसायला हवीत. 'व'वर एकच आहे आणि वर मंद्र नि आहे, म्हणजे ते स्वराचं झालं. शब्द 'वदन'.

टिंबाच्या जोडीला चंद्रकोर आली तर गंमत आणखी वाढते. एका मात्रेत दोन स्वर घेतले की स्वरांखाली अशी कोर काढतात. ती कोर आणि मंद्राचं टिंब मिळून खालच्या अक्षरावर चक्क चंद्रबिंदू बसलेला दिसतो. हिंदी बंदिशींत 'ँ' खरंच येतो, त्यामुळे 'मा'चं 'माँ' व्हायला फार काही लागत नाही. कोर एका अक्षरापुरती आहे की दोन स्वरांना कवेत घेते, हे पाहिलं की उलगडा होतो. कोमल स्वराखालची आडवी रेघही याच पट्टीत येते आणि खालच्या अक्षराची वेलांटी किंवा रफार झाकते. 'स'वर काही आहे की नाही असा संशय आला तर आधी वरचा स्वर कोमल आहे का ते बघावं.

जुन्या मराठी पुस्तकांत यात एक पदर वाढतो. १९६२ मध्ये नवे शुद्धलेखन नियम येईपर्यंत 'नाहीं', 'तें', 'कां', 'घरीं' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार छापले जात. म्हणजे 'ते'वरचं टिंब मंद्र स्वराचं, जुन्या लेखनाचं की शाईचा डाग, असे तीन पर्याय होतात. अशा पुस्तकात आधी प्रस्तावनेचं किंवा तळटिपांचं एखादं पान वाचावं, जिथे स्वरलिपी नाही. तिथे 'तें, जें, नाहीं' दिसलं तर गीतातही ते असणार. उतरवताना हे अनुस्वार ठेवायचे की आजच्या रीतीने काढायचे, हे कामाच्या हेतूवर ठरवावं. गायला कागद हवा असेल तर काढले तरी चालेल. पुस्तकातला पाठ जपायचा असेल तर ठेवावेत. एकाच गाण्यात काही ठेवले आणि काही काढले, असं मात्र करू नये. नंतर पाहणाऱ्याला कोणतं टिंब छापील आणि कोणतं आपलं, हे कळणार नाही.

विष्णु दिगंबर पलुस्करांच्या पद्धतीतलं पुस्तक असेल तर खुणा वेगळ्या असतात. तिथे मंद्राचं टिंब स्वराच्या वर असतं आणि शब्द लांबवायला अवग्रहाऐवजी ठिपके दिसतात. म्हणून पान हाती घेतल्यावर पहिल्यांदा पुस्तकाच्या सुरुवातीला चिन्हांचा खुलासा दिलेला असतो, त्याचाही फोटो मिळवावा. त्या एका पानाने निम्मे वाद मिटतात.

अक्षरं जुळली, तरी गाण्याचा क्रम बाकी असतो. आपली बंदिश खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून सुरू होते. पुस्तकात ओळीचे पहिले दोन विभाग ०, ३ आणि पुढचे ×, २ असे असतात. सम शोधून तिथून वाचायला गेलं तर सुरुवात 'रान मंद वारा'पासून होईल आणि 'मग सारे उजळे' आधीच्या ओळीच्या शेपटीला लागेल. ओळीच्या डाव्या टोकापासून वाचावं. मुखडा तिथेच असतो. अंतरा संपल्यावर पुस्तकात बरेचदा 'म ग सा रे' एवढंच पुन्हा छापतात. ती स्थायीकडे, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या भागाकडे, परत जाण्याची खूण आहे, नवी ओळ नव्हे. शब्दांच्या प्रतीत ती ओळ पुन्हा लिहू नये. कंसात 'मग सारे…' लिहिलं तर पुरे.

पाश्चात्त्य पाच रेघांच्या लिपीखाली शब्द असतील तर एका बाबतीत सुख आहे: तिथे शब्दांच्या सीमा जपलेल्या असतात. एकाच शब्दाच्या दोन अक्षरांमध्ये छोटी आडवी रेघ असते, आणि शब्द संपला की मोकळी जागा. शेवटचं अक्षर अनेक स्वरांवर लांबवायचं असेल तर त्याच्यापुढे तळाशी लांब रेघ ओढलेली असते. छोट्या रेघा काढून अक्षरं जोडायची, लांब रेघ नुसती वगळायची. दुःख दुसरीकडे आहे. कडवी एकाखाली एक रचलेली असतात: एकाच स्वरपंक्तीखाली १, २, ३ अशा तीन ओळी. पुढच्या स्वरपंक्तीखाली पुन्हा तीन. पहिल्या कडव्यासाठी प्रत्येक पंक्तीखालची फक्त पहिली ओळ वाचत पान संपवायचं आणि मग दुसऱ्यासाठी पुन्हा वर यायचं. वरून खाली सलग वाचलं तर तिन्ही कडव्यांची खिचडी होते, आणि ती वाचायला इतकी वाईटही लागत नाही म्हणून लक्षात येत नाही. यमकं मोजली की उघडी पडते. एकच ओळ छापलेली असेल आणि तिला आकडा नसेल तर ती सगळ्या कडव्यांना समान, म्हणजे बहुधा ध्रुवपद. पंक्तीच्या वर १ आणि २ असे कंस असतील तर पहिल्या फेरीचा शेवट वेगळा आणि दुसरीचा वेगळा. शब्दही तसेच बदलतात.

आपल्या बंदिशीचं शेवटचं रूप असं होईल:

मग सारे उजळे रान मंद वारा
हा आला ऋतुराज हसरे वदन

फुलली जाई गंध दाटे
कोकिळ बोले पानोपानी (मग सारे…)

स्वल्पविराम मी घातलेले नाहीत. स्वरलिपीत विरामचिन्हं नसतात; आपण घातली की ती आपली टीका होते, आणि 'रान'नंतर थांबायचं की 'वारा'नंतर, हे गाणारा ठरवेल. ओळी तोडल्या आहेत त्या आवर्तनानुसार. एखादं अक्षर फोटोच्या चमकेत किंवा शिवणीत गेलंच असेल तर अंदाजाने भरू नका. मोजून किती घरं गेली ते कळतं, तेवढे ठिपके चौकोनी कंसात ठेवा, जसं 'हसरे [..]न'. दुसऱ्या कुणाकडे त्याच गाण्याचा पाठ असला तरी तो तिथे थेट चिकटवू नये, कारण बंदिशींचे शब्द पुस्तकागणिक बदलतात. तो पाठ शेजारी वेगळा लिहावा आणि कोणत्या पुस्तकातला ते नोंदवावं.